तीन पत्त्यांचं एक वाक्य

टॅरोच्या एका कॅटमध्ये ७८ पत्ते असतात. त्यांतले कोणतेही तीन काढून डावीकडून उजवीकडे मांडायचे म्हटलं, तर ४,५६,४५६ वेगवेगळ्या मांडण्या होतात. पत्ता उलटा पडला की त्याचा अर्थ बदलतो असं बरेच जण मानतात. त्यांच्या हिशेबाने हा आकडा साडेछत्तीस लाखांच्या वर जातो. एवढ्या मांडण्यांचे अर्थ कोणी लिहून ठेवलेले नाहीत. टॅरोच्या पुस्तकात मिळतात ते ७८ पत्त्यांचे ७८ सुटे अर्थ, शब्दकोशात शब्द मिळावेत तसे. त्यांतून वाक्य करायचं काम पत्ते वाचणाऱ्याचं असतं. ज्याला हे जमत नाही तो तीन पत्त्यांचे तीन अर्थ ओळीने म्हणून दाखवतो आणि समोरचा माणूस गोंधळून घरी जातो.

आधी हे पत्ते कुठून आले ते थोडक्यात पाहू, कारण मेजर आणि मायनर यांतला फरक त्यातूनच कळतो. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि आसपासच्या दरबारांत, पत्त्यांचा एक खेळ रुजला. साधा पत्त्यांचा जोड त्यांच्याकडे आधीपासून होता. चार रंग, प्रत्येकात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पत्ते आणि वर चित्रांचे पत्ते. त्यात या मंडळींनी २२ नवे चित्रपत्ते घातले. त्यांतले २१ हे कायमचे हुकूम होते. आपण खेळताना एखादा रंग हुकूम ठरवतो, तसं त्यांना ठरवावं लागत नसे. चंद्र, सूर्य, मृत्यू, बुरूज असे हे पत्ते कोणत्याही रंगाच्या राजाला मारत. बाविसावा पत्ता ‘फूल’, म्हणजे वेडा. तो टाकला की चालू रंगाचं पान देण्यापासून खेळाडूची सुटका होई. फ्रान्समध्ये हा खेळ आजही आवडीने खेळला जातो आणि खेळणाऱ्यांना भविष्याशी काही देणंघेणं नसतं.

भविष्याचा संबंध बराच उशिरा आला. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचा हरवलेला ग्रंथ आहे असं छापून टाकलं. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणाला वाचताही येत नव्हती. शांपोल्याँने ती उलगडली १८२२ मध्ये. इजिप्तच्या दाव्याला पुरावा कधीच मिळाला नाही, पण तो अजून टॅरोच्या जाहिरातींत फिरतो आहे. त्याच सुमारास पॅरिसमधल्या एत्तेला नावाने ओळखल्या जाणाऱ्या गृहस्थाने पत्ते वाचण्याचा रीतसर व्यवसाय मांडला आणि पुस्तकंही लिहिली. पुढे गूढवाद्यांनी हुकमाच्या २२ पत्त्यांना मेजर आर्काना आणि उरलेल्या ५६ पत्त्यांना मायनर आर्काना म्हणायला सुरुवात केली. आर्काना म्हणजे गुपितं. नाव भारदस्त झालं, पण खेळातली उतरंड तशीच राहिली. हुकमाचा पत्ता बाकीच्यांवर मात करतो हीच समजूत वाचनात आली आणि मेजर पत्ता आला की गोष्ट मोठी, असा नियम झाला.

आज आपल्याकडे मुंबई-पुण्यात दुकानात किंवा ऑनलाइन जो कॅट सर्वांत जास्त दिसतो, तो १९०९ मध्ये लंडनच्या रायडर या प्रकाशनसंस्थेने काढलेला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. जुन्या कॅटमध्ये, उदाहरणार्थ मार्सेच्या, मायनर पत्त्यांवर नुसत्या खुणा असत. पाच पेले म्हटले की पाच पेले काढलेले, बस. स्मिथबाईंनी या पत्त्यांवरही प्रसंग रंगवले. त्यामुळे पाच पेल्यांच्या पत्त्यावर काळा झगा पांघरलेला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे मान खाली घालून बघतो आणि मागे उभे असलेले दोन त्याला दिसत नाहीत. पाच नाण्यांच्या पत्त्यावर दोन गरीब माणसं बर्फातून चालली आहेत आणि वर चर्चची उजळलेली खिडकी आहे. अर्थ पाठ नसलेल्या माणसालाही हे पत्ते वाचता येतात ते या बाईंमुळे. मोबदला त्यांना फारच थोडा मिळाला आणि कॅटला नाव लागलं ते प्रकाशकाचं आणि वेट यांचं. पत्त्यांच्या कोपऱ्यात बाईंची बारीक सही तेवढी आहे. नव्याने कॅट घेतलेल्यांनी ती एकदा शोधून बघावी.

आता अर्थांकडे वळू. मायनर आर्कानाचे चार रंग म्हणजे रोजच्या जगण्याची चार खाती. वाँड्स, म्हणजे पालवी फुटलेल्या काठ्या, हे काम, उत्साह, धडपड यांचं खातं. कप्स म्हणजे पेले. त्यात माया, नाती, मनाचे चढउतार येतात. स्वॉर्ड्स म्हणजे तलवारी; विचार, बोलणं, वाद, निर्णय, कागदपत्रं त्यांच्याकडे. पेंटॅकल्स म्हणजे नाणी. पैसा, घर, शरीर, हाताने केलेलं काम. प्रत्येक खात्यात एक्का म्हणजे सुरुवात आणि दश्शी म्हणजे भरून आलेला शेवट. मधल्या आकड्यांना आपापला स्वभाव असतो. दुर्रीत दोन गोष्टींचा तोल किंवा पेच असतो, चौका स्थिर असतो, आणि पंजा चारही रंगांत कसलीतरी ओढाताण किंवा नुकसान दाखवतो. शिवाय प्रत्येक रंगात पेज, नाइट, क्वीन आणि किंग असे चार दरबारी पत्ते असतात. ते कधी खरोखरच्या माणसाकडे बोट दाखवतात, तर कधी वागण्याच्या तऱ्हेकडे. नवशिक्यांना सगळ्यांत जास्त छळतात ते हेच सोळा पत्ते.

मेजर आर्काना ही खाती ओलांडते. जन्म, गुरू, प्रेम, सत्ता, एकांत, नशिबाचं फिरतं चाक, न्याय, मृत्यू, मोडतोड, आशा अशी आयुष्याची मोठी वळणं त्यात आहेत. वाचणारे म्हणतात की मायनर पत्ता आला तर गोष्ट बरीचशी आपल्या हातातली आणि मेजर आला तर प्रवाह आपल्यापेक्षा मोठा. इथे एक साधं गणित मात्र लक्षात ठेवावं. तीन पत्ते काढले तर त्यांत निदान एक मेजर असण्याची शक्यता जवळजवळ ६४ टक्के असते. म्हणून एखादा मेजर दिसल्यावर डोळे मोठे करून “काहीतरी फार मोठं घडतंय” असं सांगणाऱ्याला फारसं ऐकू नये. तीनांपैकी दोन वेळा तसं होणारच. तिन्ही मेजर येण्याची शक्यता मात्र जेमतेम दोन टक्के आहे. तशी मांडणी आली, तर निदान पत्त्यांच्या हिशेबात ती वेगळी म्हणता येईल.

मांडणीची रीत सोपी आहे. प्रश्न ठरवायचा, मनात धरून पत्ते पिसायचे, डाव्या हाताने काटायचे आणि वरचे तीन डावीकडून उजवीकडे ठेवायचे. डाव्या हाताचा आग्रह ही केवळ प्रथा आहे. खरं महत्त्व आहे ते पत्ते काढण्याआधी दोन गोष्टी नक्की करण्याला: तीन जागांची नावं काय, आणि उलट्या पत्त्याला वेगळा अर्थ द्यायचा की नाही. सगळ्यांत रुळलेली नावं भूतकाळ, वर्तमान, भविष्य ही. परिस्थिती, अडचण, सल्ला ही दुसरी रीतही पुष्कळ जण वापरतात आणि मला ती जास्त कामाची वाटते. पण जे काही ठरवायचं ते पत्ते उघडण्याआधी. उघडल्यावर जागांची नावं बदलणं म्हणजे उत्तर बघून प्रश्न लिहिणं.

एक मांडणी पूर्ण वाचून पाहू. समजा, नाशिकच्या एक बाई आहेत, वय ४३. अठरा वर्षं एका पतपेढीत नोकरी केली. मैत्रीण फराळाचे पदार्थ पुरवण्याचा व्यवसाय करते आणि भागीदार हो म्हणून मागे लागली आहे. बाई विचारतात, “नोकरी सोडू का?” जाणकार वाचक हा प्रश्न असाच घेणार नाही, कारण पत्त्यांवर हो किंवा नाही लिहिलेलं नसतं. तो म्हणेल, “ताई, आपण असं विचारूया का, की या निर्णयात तुम्ही नेमक्या कुठे अडकला आहात आणि पुढे कशाकडे लक्ष द्यायला हवं?” ताई मान डोलावतात. तीन पत्ते पडतात, तिन्ही सुलटे: भूतकाळाच्या जागी फोर ऑफ पेंटॅकल्स, वर्तमानात टू ऑफ स्वॉर्ड्स आणि भविष्यात डेथ.

तिसरा पत्ता बघून बाईंचा चेहरा उतरणार, हे ठरलेलंच. चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसून आला आहे आणि पत्त्याचं नाव मृत्यू. तरीही वाचायला सुरुवात पहिल्या पत्त्यापासूनच करायची. आणि पहिलं पाऊल पुस्तकातला अर्थ आठवण्याचं नाही, तिन्ही चित्रं एकत्र बघण्याचं आहे.

फोर ऑफ पेंटॅकल्सवर एक माणूस बसला आहे. एक नाणं त्याने छातीशी कवटाळलं आहे, एक डोक्यावर मुकुटावर आहे आणि दोन पायांखाली दाबून धरली आहेत. पुस्तकी अर्थ बचत, मालकी, कंजूषपणा. पण चित्रात त्याहून नेमकी गोष्ट दिसते. हा माणूस उठूच शकत नाही. उठला तर कुठलंतरी नाणं सुटणार. भूतकाळाच्या जागी हा पत्ता आला, म्हणजे बाईंना आजवर नोकरीने जे दिलं ते दाखवणारा: दरमहा पगार, भविष्य निर्वाह निधी, घराचे हप्ते. वाचकाने इथे अंदाज ठोकून द्यायचा नाही. “या चारांतलं कोणतं नाणं सोडायची सर्वांत भीती वाटते?” असं विचारायचं. बाई कदाचित म्हणतील की पैशाचं नाही वाटत, पण सासरी मला मान आहे तो नोकरीमुळे. असं उत्तर आलं तर ते मुकुटावरचं नाणं झालं. वाचन इथून बाईंचं होतं, पुस्तकाचं राहत नाही.

टू ऑफ स्वॉर्ड्सवर डोळ्यांना पट्टी बांधलेली बाई समुद्राकडे पाठ करून बसली आहे. छातीवर हात दुमडून तिने दोन लांब तलवारी खांद्यांवर तोलल्या आहेत. अर्थ पेच, लांबणीवर टाकलेला निर्णय. तलवारी विचारांच्या खात्यातल्या, म्हणजे अडचण पैशाची किंवा मायेची नसून डोक्यातल्या दोन युक्तिवादांची आहे आणि ते एकमेकांना बरोबर अडवून धरताहेत. चित्रात अजून एक गोष्ट पाहायची. अशा तलवारी फार वेळ तोलून धरता येत नाहीत. हात भरून येतात.

आता पहिले दोन पत्ते शेजारी ठेवून पाहिले तर एक साम्य दिसतं. दोघंही बसलेले आहेत, दोघांचेही हात गुंतलेले आहेत आणि दोन्ही पत्ते सम आकड्यांचे, स्थिर स्वभावाचे. तिन्ही पत्त्यांत पुढे सरकणारी एकच आकृती आहे, ती म्हणजे घोड्यावरचा सांगाडा. तोच तीनांतला एकमेव मेजर. म्हणजे वाक्य असं होतं: जपून धरल्यामुळे बसून राहणं झालं, आता विचारांच्या पेचामुळे बसून राहणं चाललं आहे, आणि हे बसून राहणंच पुढे संपणार आहे, मग बाईंनी ठरवलं तरी आणि न ठरवलं तरी. डेथचा रूढ अर्थ कोणाचं मरण असा नाही; एखादी अवस्था कायमची संपणं असा आहे. मार्सेच्या जुन्या कॅटमध्ये तर तेराव्या पत्त्यावर बहुधा नावच छापत नसत.

याच चित्रात बाईंना उपयोगी पडेल असा तपशील आहे. घोड्यासमोर चार माणसं आहेत. राजा मरून पडला आहे, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, एक तरुणी तोंड फिरवून गुडघ्यांवर बसली आहे आणि एक लहान मूल सरळ घोड्याकडे बघतं आहे. मागे दोन बुरुजांमधून सूर्य उगवतो आहे. एकाच घटनेला चार जण चार तऱ्हांनी सामोरे जात आहेत. बाईंना विचारायचं, “नोकरी आहे तशी राहणार नाही असं धरलं, तर तुम्ही या चौघांपैकी कोण असाल?” इथे वाचन संपवावं. ‘सोडा’ किंवा ‘सोडू नका’ हे पत्त्यांनी सांगितलेलं नाही आणि वाचकानेही सांगू नये.

आता हेच तीन पत्ते उलट क्रमाने आले असते तर? डेथ भूतकाळात, टू ऑफ स्वॉर्ड्स मध्ये, फोर ऑफ पेंटॅकल्स भविष्यात. मग गोष्टच पालटते. काहीतरी आधीच संपून गेलं आहे, कदाचित पतपेढी दुसरीकडे विलीन झाली, कदाचित घरातलं कर्तं माणूस गेलं. त्यानंतर डोळ्यांवर पट्टी बांधून घेतलेली आहे आणि पुढचा धोका असा, की घाबरून हाती उरलेलं सगळं घट्ट आवळून धरलं जाईल. तो भयानक दिसणारा पत्ता आता मागे पडला आणि ज्याला कोणी घाबरलं नसतं तो नाण्यांचा चौका इशारा देऊ लागला. पत्ते तेच, अर्थांची पुस्तकंही तीच. ‘परिस्थिती, अडचण, सल्ला’ या नावांनी मूळ क्रम वाचला तर डेथ सल्ल्याच्या जागी येतो आणि त्याचं म्हणणं होतं की एखादी गोष्ट अर्धवट लोंबकळत न ठेवता नीट संपवा. कोणता पत्ता शुभ आणि कोणता अशुभ याच्या याद्या फिरतात, त्या निरुपयोगी का, हे यावरून कळावं.

मग पत्त्यांना भविष्य कळतं का? माझ्या मते नाही. पिसलेल्या कॅटमधून येणारे पत्ते हा योगायोग आहे. वाचन पटतं त्याचं एक कारण आपल्याच मनात आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं वैयक्तिक व्यक्तिचित्र’ म्हणून एक कागद दिला. ते किती अचूक आहे याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्या कागदांवर एकच मजकूर होता आणि तो बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. “तुम्ही वरून कणखर, आतून हळव्या आहात,” हे वाक्य कोणालाही लागू पडतं. म्हणून वाचन चांगलं की पोकळ हे ओळखायची खूण सोपी आहे: तेच वाक्य शेजारी बसलेल्या माणसाला, त्याच्या प्रश्नाला, जसंच्या तसं बसतं का ते पाहावं. बसत असेल तर वाचकाने पत्तेही पाहिले नाहीत आणि तुम्हालाही. वर नाशिकच्या बाईंशी जे झालं त्यात नेमकेपणा त्यांच्या स्वतःच्या उत्तरांतून आला. तीन चित्रांनी प्रश्न विचारायला जागा करून दिली, एवढंच पत्त्यांचं काम.

हे काम बिघडवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे न आवडलेली मांडणी गोळा करून पुन्हा पत्ते काढणं. दुसऱ्या खेपेला तीन पत्त्यांत डेथ न येण्याची शक्यता ९६ टक्के असते. तो ‘गेला’ म्हणून संकट टळलं असं वाटतं आणि मग माणूस मनासारखं येईपर्यंत पिसत राहतो. चौथा, पाचवा ‘खुलाशाचा’ पत्ता काढत जाणं हा त्याचाच सभ्य प्रकार. तीन म्हणजे तीन. प्रश्न तोच असेल तर परिस्थितीत काही खरोखर बदलल्याशिवाय पुन्हा पत्ते काढू नयेत. आजाराचं निदान, औषधं आणि कोर्टातल्या खटल्याचा निकाल हे प्रश्न तर कॅटसमोर आणूच नयेत. त्यासाठी डॉक्टर आणि वकील आहेत.

फी देऊन वाचन करून घेणाऱ्यांसाठी शेवटी एक सांगतो. ७८ पत्त्यांत ग्रहशांती नाही, दोष नाही आणि तोडगाही नाही. वेट यांनी स्वतः लिहिलेल्या पुस्तकात पत्त्यांचे अर्थ आहेत, दहा पत्त्यांच्या मांडणीची रीत आहे. डेथ किंवा टॉवर आला तर पैसे भरून तो टाळता येतो असं टॅरोच्या परंपरेत कुठेही नाही. डेथ दाखवून जर कोणी तुमच्याकडे उपायाचे वेगळे पैसे मागितले, तर ठरलेली फी द्या आणि उठा.